दाखल नोंदवहीतला सर्वांत लांब सलग पट्टा : कामाच्या नोंदी

३ जून २०२४

वाचनालयाच्या दाखल नोंदवह्या संगणकावर चढवण्याचं काम आजपासून माझ्याकडे आलं. एकूण बारा खंड आहेत. पानावर २५ ओळी आणि खंडात २०० पानं, म्हणजे एका खंडात ५,००० दाखल क्रमांक. शेवटचा क्रमांक ५८,४५०. कॉलेजची चार मुलं गेले दोन महिने हे खंड बघून शीटमध्ये टाइप करत आहेत. जो खंड हाताशी आला तो घेतला, कुणी मधूनच सुरुवात केली, कुणी शेवटच्या पानापासून मागे आलं. त्यामुळे सगळ्या फाइली एकाखाली एक जोडल्या की क्रमांकांना काही क्रम राहत नाही. काही पानं दोघांनीही टाइप केली आहेत.

ग्रंथपाल मॅडमना हवंय ते असं : "नव्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली खेप चढवायची ती मध्ये एकही क्रमांक गाळलेला नाही अशीच हवी. असा सर्वांत मोठा पट्टा कुठला, तेवढं सांगा. आम्ही तोच मूळ वहीशी ताडून घेऊ."

म्हणजे विस्कळीत यादीतून, एकापुढे एक येणाऱ्या आकड्यांची सर्वांत लांब साखळी शोधायची. यादीत ते आकडे शेजारी असण्याची गरज नाही. ४१० पहिल्या फाइलीत आणि ४११ चौथ्या फाइलीत असला तरी पट्टा एकच.

४ जून

पहिला विचार अर्थातच सॉर्टचा आला. लावून घ्यायचं आणि एकदा वरून खाली जायचं. ६० हजार ओळींसाठी ते पुरेसं आहे, हे इथेच लिहून ठेवतो. ढोबळमानाने ६० हजार गुणिले १६, म्हणजे दहा लाखांच्या आसपास तुलना होतील आणि आजच्या यंत्राला ते जडही नाही. पण मुलं रोज नवी ओळ टाकतात, दुरुस्त करतात. दुबार क्रमांक पकडण्यासाठी सगळे आकडे मला एका सेटमध्ये ठेवावेच लागणार आहेत. तो सेट हातात असताना पुन्हा क्रम लावत बसण्याची गरज आहे का, हा माझा प्रश्न. सेटला 'हा आकडा आहे का?' विचारलं की उत्तर सरासरी एका ठरावीक वेळात मिळतं, सेट कितीही मोठा असो. त्या एका प्रश्नावर पट्टा निघायला हवा.

पहिल्या खंडाची फाइल पूर्ण आहे, १ ते ५,०००. तिच्यावर सरळसोट पद्धत लावली : प्रत्येक आकडा घ्यायचा, त्याच्या पुढचा सेटमध्ये आहे का विचारायचं, असेल तर आणखी पुढचा, असं तुटेपर्यंत चालायचं. प्रश्न मोजायला एक काउंटर ठेवला. वेळ मोजण्यापेक्षा हे बरं. यंत्र दुसऱ्या कामात असलं की वेळ बदलतो, प्रश्नांची संख्या बदलत नाही.

काउंटर १,२५,०२,५०० वर थांबला.

पाच हजार आकड्यांना सव्वा कोटी प्रश्न! कारण लगेच दिसलं. १ पासून निघालो तर ५,००० प्रश्न, २ पासून ४,९९९, ३ पासून ४,९९८. ५,००० × ५,००१ भागिले २. तोच रस्ता पाच हजार वेळा तुडवला. सेट वापरला म्हणून काम रेषीय होत नाही. एकेक प्रश्न स्वस्त झाला, पण विचारले किती यावर काहीच बंधन नव्हतं.

५ जून

आज सुटलं. २ पासून चालायला निघण्यात अर्थच नाही, कारण १ सेटमध्ये आहे. १ पासून निघालेली चाल २ वरून जाणारच आणि ती लांबही असणार. तेव्हा चालायला फक्त पट्ट्याच्या आरंभापासून निघायचं. आरंभ ओळखायचा कसा? ज्याच्या आधीचा आकडा सेटमध्ये नाही, तो आरंभ. बास, एक जादा प्रश्न.

कागदावर छोटं उदाहरण करून पाहिलं. आकडे असे : ४१२, ९, ४१०, १०, ४१३, ४११, ९. सेटमध्ये ९ एकदाच उरतो, म्हणून सहा आकडे.

४१२ घेतला. ४११ आहे का? आहे. सोडून दिला. ९ घेतला. ८ आहे का? नाही, म्हणजे हा आरंभ. १० आहे, ११ नाही, लांबी २. ४१० घेतला. ४०९ नाही, हाही आरंभ. ४११ आहे, ४१२ आहे, ४१३ आहे, ४१४ नाही, लांबी ४. पुढे १०, ४१३ आणि ४११ या तिघांच्या आधीचा आकडा हजर आहे, तिघेही एकेका प्रश्नात बाद. सर्वांत लांब पट्टा ४१० ते ४१३.

आता प्रश्न मोजू. 'आधीचा आहे का' हा प्रश्न सहाही आकड्यांना एकेकदा, म्हणजे सहा. चालण्याचे प्रश्न ९ पासून दोन, ४१० पासून चार, म्हणजे पुन्हा सहा. एकूण बारा. हा योगायोग नाही. L लांबीच्या पट्ट्यावर आरंभापासून चाललं की L−१ वेळा 'आहे' आणि शेवटी एकदा 'नाही' असं उत्तर येतं, म्हणजे बरोबर L प्रश्न. सगळ्या पट्ट्यांच्या लांब्यांची बेरीज म्हणजे सेटमधले एकूण आकडे, कारण कुठलाही आकडा दोन पट्ट्यांत असू शकत नाही. तेव्हा सेटमध्ये m वेगळे आकडे असतील तर प्रश्न नेमके 2m. पट्टा एक असो की हजार, उत्तर तेच.

लूपच्या आत लूप दिसतो म्हणून हे n² वाटतं, मलाही काल रात्री कागदावर तसंच वाटलं होतं. आतला लूप एका फेरीत हजारो पावलं चालेलही, पण ती पावलं पुन्हा कुणी चालणार नाही.

पहिल्या खंडावर काउंटर : १०,०००. सव्वा कोटीवरून दहा हजारांवर.

७ जून

आकडे स्वच्छ करण्यात दोन दिवस गेले. जुन्या वह्यांत क्रमांक देवनागरीत आहेत, आणि दोघांनी ते तसेच टाइप केलेत. बाकीच्यांनी इंग्रजी आकडे वापरलेत. मजकूर म्हणून पाहिलं तर `"४१२"` आणि `"412"` सेटमध्ये दोन वेगळ्या वस्तू ठरतात. पण पायथनचं `int("४१२")` थेट `412` देतं, देवनागरी अंक त्याला कळतात. स्वल्पविराम मात्र चालत नाही, `int("21,326")` ला ते सरळ `ValueError` देतं. म्हणून आधी स्वल्पविराम आणि रिकाम्या जागा काढल्या, मग `int`. पट्टा शोधण्याआधी सगळं पूर्णांकात आणणं गरजेचं, नाहीतर एकाच वहीचे दोन तुटके सेट तयार होतात आणि दुबार क्रमांक कुठेही एरर न येता निसटतात.

१० जून

आज सगळ्या बाराही खंडांच्या फाइली एकत्र केल्या. ६०,३८० ओळी. माझा हिशोब असा होता की प्रश्न सव्वा लाखाच्या आतबाहेर येतील.

काउंटर सुमारे १ कोटी १६ लाखांवर गेला. शंभरपट.

उत्तर आलं : लांबी २१,३२६. काहीतरी चुकतंय हे कळत होतं, पण पद्धत तर पाच तारखेला कागदावर सिद्ध केली होती. तासभर तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं. मग कोड वाचला, आणि एक ओळ दिसली :

```python
for x in ank:
```

`ank` ही मूळ यादी, सेट नव्हे. दुबार आकड्यांसकट. कागदावरच्या उदाहरणात ९ दोनदा होता, पण मी सेटवरून फिरलो होतो. कोडमध्ये यादीवरून फिरलो. मधल्या आकड्यांचे दुबार आले तर फार बिघडत नाही, एकेका प्रश्नात ते बाद होतात. पण आरंभाचाच आकडा दुबार असेल तर त्याची प्रत्येक प्रत पूर्ण पट्टा नव्याने चालते. पहिल्या खंडात दुबार काहीच नव्हतं, म्हणून तिथे हे लपून राहिलं.

कुठला आरंभ इतक्या वेळा आला असेल? `Counter(ank).most_common(3)` चालवून पाहिलं. सर्वांत वर `(0, 540)`. शून्य, पाचशे चाळीस वेळा.

दाखल क्रमांक शून्य नसतोच. मुलांपैकी एकाला विचारलं तर म्हणाला, "दादा, शीटमध्ये तो रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. जिथे शाई उडालीय किंवा पान ओलं झालंय तिथे आम्ही शून्य टाकलं." रकाना रिकामा चालणार नाही ही अट मीच घातली होती. त्यांनी त्यातून वाट काढली, आणि सगळ्यांनी एकच वाट काढली हे नशीब.

आता हिशोब जुळला. उणे एक सेटमध्ये नाही, म्हणून शून्य हा आरंभ. शून्याच्या पुढे १, मग २, आणि तो सगळा लांबलचक पट्टा. ५४० शून्यं × २१,३२६ प्रश्न = १,१५,१६,०४०. बाकीचे प्रश्न किरकोळ.

दुरुस्ती एका शब्दाची. यादीऐवजी सेटवरून फिरायचं. पूर्ण कोड आता असा आहे :

```python
def salag_patta(ank):
    sanch = set(ank)
    start, best = None, 0
    for x in sanch:
        if x - 1 in sanch:
            continue
        y = x + 1
        while y in sanch:
            y += 1
        if y - x > best:
            start, best = x, y - x
    return start, best
```

काउंटर १,१५,७२२. वेगळे आकडे ५७,८६१, त्याची बरोबर दुप्पट. जीव भांड्यात पडला. उत्तर तेच, २१,३२६. मॅडमना कळवून टाकलं.

११ जून

सकाळीच मॅडमचा फोन. "अहो, तुम्ही लांबी २१,३२६ म्हणताय. आमची वही एकपासून सुरू होते. म्हणजे २१,३२६ हा क्रमांक त्यात धरला, असंच ना? पण पाचव्या खंडाचं चोपन्नावं पान फाटून गेलंय. २१,३२६ त्या पानाची पहिली ओळ आहे. तो कुणी टाइप केला?"

कुणीच नाही. काल वेग दुरुस्त केला आणि त्या नादात शून्य तसंच सेटमध्ये राहिलं. ५४० ऐवजी एकदाच राहिलं, म्हणून काउंटर अगदी नेमका आला, पण पट्टा ० ते २१,३२५ असा मोजला गेला. एकाने जास्त. शून्य वहीच्या पहिल्या क्रमांकाला चिकटून बसलं होतं म्हणून ते साखळीत बेमालूम मिसळलं. कुणी −१ किंवा ९९९९९९ टाकलं असतं, तर तो एकट्या आकड्याचा पट्टा म्हणून बाजूला पडला असता.

यातली माझी दुसरी चूक म्हणजे कळवताना फक्त लांबी कळवली. फंक्शन आरंभही देत होतं, मी तो छापला नाही. छापला असता तर `0` डोळ्यांत खुपलाच असता. आता अहवालात पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक आणि लांबी असे तिन्ही आकडे छापतो. लांबी बरोबर की चूक हे नुसतं बघून कुणालाही सांगता येत नाही, पण दोन टोकं वहीत उघडून बघता येतात.

शून्याच्या ५४० ओळी वेगळ्या फाइलीत काढल्या. वरच्या आणि खालच्या ओळींवरून त्यांचे क्रमांक लावता येतील, पण ते वही हातात घेऊन करायचं काम आहे. तूर्त सेटमध्ये ५७,८६० आकडे, प्रश्न १,१५,७२०, पट्टा १ ते २१,३२५. त्याखालोखाल २१,३५१ ते ३४,९००. त्याच्या पुढे सातव्या खंडाची शेवटची पानं ओलीने गेली आहेत आणि तिथून सगळे तुकडेच आहेत.

१३ जून

आज थोडा वेळ मिळाला म्हणून 'रेषीय' या शब्दाला किती टेकायचं ते तपासलं. 2m हा प्रश्नांचा आकडा पक्का आहे. पण एका प्रश्नाची किंमत सरासरीने ठरावीक आहे, हमीने नव्हे. सेटच्या आत एक मोठा तक्ता असतो आणि आकड्याच्या हॅशवरून त्याचं घर ठरतं. दोघांचं घर एकच आलं की दुसऱ्याला पुढचं घर शोधावं लागतं. पायथनमध्ये लहान धन पूर्णांकाचा हॅश म्हणजे तो आकडाच, आणि घर ठरतं त्याच्या खालच्या बिटांवरून. आमचे दाखल क्रमांक एकापाठोपाठ एक आहेत, म्हणून ते शेजारशेजारच्या घरांत बसतात, टक्कर होतच नाही. हॅशसाठी याहून चांगला माल मिळणार नाही. उलट सगळे आकडे दोनाच्या एखाद्या मोठ्या घाताच्या पटीत असते तर खालचे बिट सगळ्यांचे शून्य, सगळे एकाच दारात उभे, आणि मग प्रत्येक प्रश्नाला जादा पायऱ्या. मुद्दाम तसे आकडे देऊन कार्यक्रम संथ करता येतो. वाचनालयाच्या वहीत ती भीती नाही, बाहेरच्या अनोळखी माणसाने भरलेल्या आकड्यांत असू शकते.

दुसरी किंमत जागेची. ५७,८६० आकड्यांच्या सेटचा तक्ता सुमारे २ मेगाबाइट घेतो. त्याच आकड्यांच्या साध्या यादीला अर्धा मेगाबाइटही लागत नाही. तक्त्यात बरीच घरं मुद्दाम रिकामी ठेवावी लागतात, आणि त्या रिकाम्या घरांमुळेच उत्तर लवकर मिळतं. दहा लाख आकड्यांना तोच तक्ता ३३ मेगाबाइटच्या आसपास जातो. आम्हाला काहीच फरक पडत नाही. जागा खरोखर अपुरी असेल तिथे मी यादी जागच्या जागी सॉर्ट करून एक फेरी मारेन, आणि आमच्या फाइलींसारखे लांब लांब क्रमाने लागलेले तुकडे असतील तर पायथनचा सॉर्ट त्यांचा फायदाही घेतो.

एक बारीक गोष्ट. दोन पट्टे सारख्याच लांबीचे असतील तर कुठला मिळेल, हे सेटवरून फिरण्याच्या क्रमावर अवलंबून राहतं, आणि तो क्रम गृहीत धरायचा नसतो. मॅडमना बरोबरीत वहीतला आधीचा पट्टा हवाय, म्हणून तुलनेत तेवढी भर घातली.

१८ जून

चोपन्नावं पान सापडलं! बाइंडिंगला गेलेल्या दुसऱ्याच वहीच्या पुठ्ठ्यात अडकलेलं होतं. एका मुलीने दुपारीच २५ ओळी टाइप केल्या. हे पान भरलं की दोन्ही पट्टे जोडले जाऊन १ ते ३४,९०० असा एकच व्हायला हवा. सेटमध्ये आकडे टाकले, पुन्हा चालवलं.

पहिला १, शेवटचा २१,३४०, लांबी २१,३४०.

यावेळी शोधाशोध करावी लागली नाही. शेवटचा क्रमांक समोरच होता. म्हणजे २१,३४१ सेटमध्ये नाही. पान उघडलं, वरून सोळावी ओळ. वहीत २१,३४१ स्वच्छ लिहिलेलं. शीटमध्ये त्या ओळीवर २१,३४० पुन्हा टाइप झालेलं, पंधराव्या ओळीचाच आकडा. २५ ओळी भरल्या, पण सेटमध्ये वाढले २४. ओळी मोजून हे कधीच सापडलं नसतं.

तिने एक आकडा दुरुस्त केला. सेट ५७,८८५, प्रश्न १,१५,७७०. पहिला १, शेवटचा ३४,९००, लांबी ३४,९००.

मॅडमनी पहिला खंड आणि सातवा खंड दोन्ही टेबलावर मागवले, पहिली ओळ आणि ३४,९०० ची ओळ शीटशी ताडून पाहिली, आणि समासात पेन्सिलने खूण केली. उद्यापासून पहिली खेप चढवायला घेतोय. मुलं शून्याच्या ५४० ओळींवर बसतील, सातव्या खंडाच्या शेवटच्या चार पानांपासून सुरुवात करून.